‘न उतरल्यास’ म्हणजे किती मिनिटांनी?

उदाहरणादाखल बालरोगतज्ज्ञांची एक चिठ्ठी घेऊ. ओपीडीच्या गर्दीत, दोन पेशंटांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात लिहिलेली. ‘वय 9, वजन 26 किलो. ब्राँकियल अस्थमा. ब्युडेसोनाइड 100 बीडी, स्पेसरने. साल्ब्युटामॉल एमडीआय 2–4 पफ एसओएस. पीईएफआर बेस्ट 250. ट्रिगर: सर्दी, धूळ, पळणं. न उतरल्यास रेफर.’ खाली सही आणि तारीख.

डॉक्टरांसाठी ही चिठ्ठी पूर्ण आहे. दुसऱ्या डॉक्टरांच्या हातात पडली तर त्यांनाही सगळं कळेल. पण ज्या मुलीसाठी ती लिहिली, ती चौथीत शिकते आणि दिवसातले सहा तास शाळेत असते. तिला ईरा म्हणू. शाळेत परिचारिका नाही. मैदानावर ईराला धाप लागली तर तिच्याजवळ असणार पीटीचे सर, वर्गशिक्षिका किंवा मधल्या सुट्टीत जिन्यापाशी उभ्या असलेल्या मावशी. त्यांच्या हातात ही चिठ्ठी दिली, तर त्यांना काय करता येईल?

फारसं काही नाही. ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज पडेल तेव्हा, हे त्यांना एकदा सांगून टाकता येईल. अडचण शब्दांच्या अर्थाची नाहीच. गरज पडली हे ओळखायचं कशावरून? दोन पफ द्यायचे की चार, हे ठरवायचं कुणी? ‘न उतरल्यास’ म्हणजे पाच मिनिटांनी की तासाभरानं? आणि रेफर करायचं म्हणजे नेमका कोणता नंबर फिरवायचा? डॉक्टरांच्या चिठ्ठीतला जवळजवळ प्रत्येक शब्द वाचणाऱ्याला निर्णय घ्यायला सांगतो. शाळेसाठी दम्याचा कृती आराखडा लिहायचा म्हणजे हे निर्णय शांतपणे, आधीच घेऊन ठेवायचे. मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला फक्त पाहायचं आणि करायचं उरलं पाहिजे.

त्यासाठी हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन विभाग वापरतात. सिग्नलचे रंग सगळ्यांना ठाऊक असतात. हिरव्यात मूल ठीक आहे, पिवळ्यात त्रास सुरू झालाय, लाल म्हणजे जिवाला धोका. रंग समजायला सोपे आहेत. मात्र दोन रंगांमधली रेघ कुठे ओढायची, यातच आराखडा लिहिणाऱ्याची खरी परीक्षा असते.

चिठ्ठीत एक आकडा अगदी तयार दिसतो: पीईएफआर बेस्ट 250. पीक फ्लो मीटर ही एक साधी प्लॅस्टिकची नळी असते. तिच्यात जोरात फुंकलं, की श्वास किती वेगानं बाहेर पडला ते मिनिटाला किती लिटर या मापात कळतं. मूल ठणठणीत असताना त्याला जास्तीत जास्त जमलेला आकडा म्हणजे ‘बेस्ट’. या आकड्याच्या 80 टक्के आणि त्याहून वर हिरवा, 50 ते 80 टक्क्यांच्या मध्ये पिवळा, 50 टक्क्यांखाली लाल, अशी जगभर रूढ असलेली विभागणी आहे. ईराच्या बाबतीत 200 आणि 125 असे दोन आकडे मिळतात. लिहिणाऱ्याला हायसं वाटावं इतकं हे नेमकं आहे, आणि म्हणूनच शाळेच्या कागदावर हेच आकडे उतरवायचा मोह होतो.

तो आवरायला हवा. धाप लागलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला नळीत तीनदा नीट फुंकता येत नाही. ओठ सैल राहिले तरी आकडा खाली येतो. शिवाय मूल वाढत असतं. ईराचा 250 हा आकडा सहा महिन्यांपूर्वीचा असेल आणि आता तिचा खरा बेस्ट 280 झाला असेल, तर 205 हे माप जुन्या हिशेबानं हिरव्यात बसतं आणि नव्या हिशेबानं 73 टक्के, म्हणजे पिवळ्यात. कागद ‘सगळं ठीक’ म्हणत राहतो आणि तिकडे नळ्या आवळत जातात. लहान मुलांच्या लेखी आराखड्यांवरचे अभ्यास एकत्र करून 2006 मध्ये कोक्रेनचा एक आढावा प्रसिद्ध झाला. पीक फ्लोच्या आकड्यांवर बेतलेल्या आराखड्यांपेक्षा लक्षणांवर बेतलेले आराखडे वापरणाऱ्या मुलांना तातडीनं डॉक्टरांकडे कमी वेळा न्यावं लागलं, असं त्यात दिसलं. म्हणून 250 हा आकडा घरच्या वहीत राहू द्यावा. शाळेच्या कागदावर डोळ्यांना दिसतील आणि कानांना ऐकू येतील अशाच खुणा हव्यात.

या खुणा शब्दांत पकडणं वाटतं तितकं सोपं नाही. ‘श्वसनाचा त्रास’ असं लिहून काहीच सांगितलं जात नाही, कारण पळून आलेल्या प्रत्येक मुलाला धाप लागलेलीच असते. फरक पुढच्या काही मिनिटांत दिसतो. नुसतं दमलेलं मूल बसलं, पाणी प्यायलं की पाचेक मिनिटांत खेळायला परत जातं. दम्याची धाप बसल्यावरही चालू राहते, कित्येकदा खेळ थांबल्यावरच वाढते. खोकला कोरडा, पुन्हा पुन्हा येणारा असतो. जवळ गेलं तर श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. मूल छातीवर हात ठेवतं, ‘छातीत आवळल्यासारखं होतंय’ म्हणतं. लहान असेल तर ‘पोटात दुखतंय’ एवढंच म्हणतं. ही पिवळ्या विभागाची चित्रं आहेत, आणि कागदावर ती याच साध्या भाषेत उतरली पाहिजेत.

पिवळा आणि लाल यांच्यामधली रेघ सगळ्यांत महत्त्वाची. ती ओढायला एक चाचणी पुरते आणि तिला कोणतंही उपकरण लागत नाही. मुलीला विचारायचं, ‘तुझं पूर्ण नाव सांग, आणि आज डब्यात काय आणलंस ते सांग.’ तिनं एका दमात वाक्य पूर्ण केलं तर ती अजून पिवळ्यात आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं, तर लाल. तिच्या जोडीला आणखी खुणा असतात. श्वास घेताना गळ्याखालची खळी आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. नाकपुड्या फेंदारतात. मूल पुढे वाकून, हात टेकून बसतं आणि आडवं व्हायला तयार होत नाही. ओठ निळे पडतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. सावळ्या मुलाच्या ओठांवर तो निळेपणा सहज दिसत नाही. म्हणून आराखड्यात लिहावं, ‘ओठ आतल्या बाजूनं, जीभ आणि नखं पाहा. ती राखाडी किंवा निळसर दिसली तर लाल.’

एक खूण अशी आहे, की ती लिहिली नाही तर माणसं नेमका उलटा अर्थ लावतात. छातीतली शिट्टी थांबते आणि मूल शांत होतं. पाहणाऱ्याला वाटतं, उतरलं. प्रत्यक्षात शिट्टी वाजायलासुद्धा हवा लागते. नळ्या इतक्या आवळल्या गेल्या, की आवाज होण्याइतकीही हवा आत-बाहेर होत नाही. बरं वाटलेलं मूल बोलायला लागतं, इकडे तिकडे पाहतं, पाणी मागतं. धोक्यातलं मूल गप्प, मलूल, झोपाळू होतं. ‘आवाज थांबला पण मूल बोलत नाही, तर लाल’ हे वाक्य कागदावर ठळक अक्षरांत हवं.

आता औषध. इथं लिहिणाऱ्यानं स्वतःला एक नियम घालून घ्यावा: चिठ्ठीत नाही ते मनानं भरायचं नाही. इंटरनेटवर पाहून नाही, दुसऱ्या मुलाच्या आराखड्यावरून नाही, अंदाजानं तर नाहीच. वेगवेगळ्या देशांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पफची संख्या आणि मधला वेळ वेगवेगळा आहे. ऑस्ट्रेलियात प्रथमोपचार म्हणून चार पफ देऊन चार मिनिटं थांबायला शिकवतात. ब्रिटनमध्ये 30 ते 60 सेकंदांच्या अंतरानं एकेक पफ, दहापर्यंत. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. दोन्हींची सरमिसळ मात्र कुणाचीच पद्धत नव्हे. त्यामुळे चिठ्ठीतल्या प्रत्येक मोकळ्या जागेचा एक प्रश्न करावा आणि ते प्रश्न डॉक्टरांकडे परत न्यावेत.

ईराच्या चिठ्ठीतून असे पाच प्रश्न निघतात. पिवळ्यात नेमके किती पफ? किती मिनिटांनी पुन्हा पाहायचं आणि नाही उतरलं तर पुन्हा द्यायचे का? लाल विभागात रुग्णवाहिका येईपर्यंत किती द्यायचे? ट्रिगरमध्ये ‘पळणं’ लिहिलंय, तर तिनं पीटीला जायचं की नाही? आणि ब्युडेसोनाइडचा पंप शाळेत ठेवायचा का?

समजा, डॉक्टरांनी अशी उत्तरं दिली. पिवळ्यात चार पफ. वीस मिनिटांनी पूर्ण उतरलं नसेल तर आणखी चार. त्यानंतर वीस मिनिटांतही उतरलं नाही, किंवा मधे कधीही वाढलं, तर लाल. लाल विभागात आधी 108, मग एकेक करून दहा पफ. दहा मिनिटांत रुग्णवाहिका आली नाही तर पुन्हा दहा. पीटीला जायचंच. क्रीडामहोत्सवाच्या सरावासारखं लांब पळायचं असेल त्या दिवशी 15 मिनिटं आधी दोन पफ. ब्युडेसोनाइड शाळेत आणायचं नाही, ते सकाळ-रात्र घरी. ही उत्तरं ईराची आहेत. शेजारच्या बाकावरच्या मुलाची वेगळी असू शकतात, म्हणून एका मुलाचा कागद दुसऱ्याला लावायचा नाही.

शेवटच्या उत्तरामागे एक घोळ दडलेला असतो. दम्याच्या मुलाकडे बहुधा दोन पंप असतात आणि घरी दोघांनाही नुसतं ‘पंप’ म्हणतात. ब्युडेसोनाइड श्वासनळ्यांची सूज कमी ठेवतं. त्याचा परिणाम दिवसांनी आणि आठवड्यांनी दिसतो. साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं. दम लागलेला असताना चुकून रोजचा पंप दिला, तर औषध दिल्याचं समाधान मिळतं आणि मौल्यवान वीस मिनिटं वाया जातात. ‘निळा पंप द्या’ असं लिहूनही भागत नाही, कारण कंपनी बदलली की रंग बदलू शकतो. शिवाय मोठ्या मुलांना हल्ली ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप रोजसाठी आणि दम लागल्यावरही वापरायला देतात. त्यांच्या आराखड्यातल्या सूचना आणि कमाल मात्रा अगदी वेगळ्या असतात. म्हणून पंपावर छापलेलं नाव आराखड्यात जसंच्या तसं उतरवावं, पंपाचा फोटो चिकटवावा आणि त्या पंपावर एक मोठी चिठ्ठी लावावी: ‘ईरा, चौथी ब, दम लागल्यावर.’

‘चार पफ’ हे शब्दही अजून अर्धेच आहेत. पंप तोंडात धरून दाबला तर बरंचसं औषध जिभेवर आणि घशात बसतं. दाबण्याची आणि श्वासाची वेळ जुळवणं मोठ्यांनाही कठीण जातं, दम लागलेल्या मुलाला तर जमतच नाही. म्हणून मधे स्पेसर, म्हणजे प्लॅस्टिकचा पोकळ डबा. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, मुलीनं ओठ घट्ट मिटून नळी तोंडात धरायची, एकदाच दाबायचं आणि तिला पाच-सहा साधे श्वास घेऊ द्यायचे. मग पुन्हा हलवून दुसरा पफ. चारही पफ एकदम डब्यात मारले तर औषध डब्याच्या भिंतींना चिकटतं आणि मुलीपर्यंत कमी पोहोचतं. घाईत सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच असते, त्यामुळे ‘एका वेळी एकच’ हे शब्द पफच्या आकड्याला जोडूनच लिहावेत. चार पफना असे चारेक मिनिटं लागतात.

स्पेसर विकत घेणं परवडत नसेल किंवा ऐन वेळी फुटला असेल, तरी मार्ग आहे. केपटाऊनच्या बालरोगतज्ज्ञ हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, पंप बसवून फट नीट बंद केली, तर ती बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते, असं त्यात दिसलं. शाळेच्या पेटीत अशी एक बाटली तयार करून ठेवायला काहीच हरकत नाही.

शिक्षकांच्या मनात एक भीती हमखास असते, आणि ती रास्त आहे: जास्त झालं तर? साल्ब्युटामॉलनं हात थरथरतात, छाती धडधडते, मूल थोडा वेळ चुळबुळ करतं. हे काही वेळानं उतरतं. लाल विभागात औषध कमी पडण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो. आराखड्यात हे डॉक्टरांच्या सहीनं लिहिलेलं असेल, तर पफ मोजताना शिक्षकांचा हात अडखळत नाही. ‘पंपाची सवय लागते’ हा समजही याच कागदावर एका ओळीत खोडून काढता येतो, कारण अनेक घरांत त्या भीतीपोटी रोजचा पंप मधेच बंद होतो आणि त्याचा परिणाम शाळेत दिसतो.

ब्रिटनमध्ये दम्यानं झालेल्या मृत्यूंची एक देशव्यापी पाहणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 195 मृत्यू एकेक करून तपासले होते. 45 टक्के माणसं वैद्यकीय मदत न मागता किंवा ती मिळण्याआधीच दगावली होती. लेखी आराखडा दिल्याची नोंद फक्त 23 टक्के जणांच्या बाबतीत सापडली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तिथल्या शाळांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय साल्ब्युटामॉलचा एक आपत्कालीन पंप विकत घेऊन ठेवण्याची कायद्यानं मुभा मिळाली.

कॅनडातली गोष्ट आणखी जवळची वाटावी अशी आहे. ओंटारियो प्रांतात 2012 मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाला शाळेच्या मधल्या सुट्टीत दम्याचा तीव्र झटका आला आणि तो गेला. त्याचा पंप मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलुपात ठेवला जात असे. त्याच्या आईनं पाठपुरावा केला आणि 2015 मध्ये प्रांताच्या विधिमंडळानं त्या मुलाच्या नावानं ओळखला जाणारा कायदा केला. मुलांना स्वतःचा पंप स्वतःजवळ बाळगू देणं शाळांवर बंधनकारक झालं.

आपल्याकडच्या शाळांतही औषधाचं कपाट बहुधा कुलुपात असतं. त्यामागचा हेतू चांगलाच असतो. कुणी भलतं औषध घेऊ नये म्हणून ते कुलूप. पण किल्ली ज्यांच्याकडे त्या बाई रजेवर असल्या तर? म्हणून आराखड्यात पंपाची जागा पत्त्यासारखी लिहावी: ‘एक पंप आणि स्पेसर ईराच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. दुसरा संच ऑफिसच्या दारामागच्या उघड्या फडताळात, लाल डब्यात. मैदानावर किंवा सहलीला जाताना दप्तरातला संच सरांकडे.’

आता कागदाच्या मांडणीकडे वळू. छापील नमुन्यांत हिरवा वर आणि लाल तळाशी असतो. घरी वाचायला तो क्रम चांगला. शाळेत मात्र हा कागद कुणी निवांत वाचत नाही; घाबरलेला माणूस तो भिंतीवरून ओढून काढतो आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो. म्हणून शाळेच्या प्रतीत लाल वर असावा. दुसरी अडचण झेरॉक्सची. शाळेत प्रती काढल्या जातात त्या काळ्या-पांढऱ्या, आणि तिन्ही रंग करड्या रंगाच्या तीन छटा होऊन बसतात. तेव्हा प्रत्येक चौकटीत रंगाचं नाव ठसठशीत अक्षरांत लिहावं. भाषा मावशींना वाचता येईल अशी मराठी. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरीही.

ईराचा लाल विभाग मग असा उतरतो: ‘लाल. यातलं एक जरी दिसलं तरी: वाक्य एका दमात बोलता येत नाही. गळ्याखाली खळगा पडतो. ओठ आतून, जीभ किंवा नखं राखाडी. गप्प, झोपाळू. आधी 108 ला फोन करा. सांगा: नऊ वर्षांची मुलगी, दमा, बोलता येत नाही, शाळेचा पत्ता आणि कोणतं फाटक. बसतं ठेवा, आडवं करू नका. स्पेसरमधून एका वेळी एक, असे दहा पफ. एकटं सोडू नका. मग आईला फोन. दहा मिनिटांत गाडी आली नाही तर पुन्हा दहा पफ.’

आईला फोन दुसऱ्या क्रमांकावर आहे, यावर पालकांची सही घ्यायला हवी. बऱ्याच शाळांत पालकांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही असा दंडक असतो. आई मीटिंगमध्ये असते, फोन उचलत नाही, आणि सगळे वाट पाहत राहतात. ‘पालकांशी संपर्क झाला नाही तरी औषध द्यावं आणि 108 बोलवावी’ या ओळीखाली दोघांची सही असली, की शिक्षकांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

पिवळा विभाग थोडा लांब लागतो, कारण त्यात वाट पाहायची असते. ‘खोकला थांबत नाही, शिट्टीसारखा आवाज, छाती आवळते, पण वाक्य पूर्ण बोलते. खेळ थांबवा, बसवा, कुणीतरी सोबत राहा. चार पफ, एका वेळी एक. घड्याळ पाहून वेळ लिहा. वीस मिनिटांनी: पूर्ण उतरलं तर वर्गात पाठवा, आज पळापळ नाही, आईला कळवा. थोडंच उतरलं तर आणखी चार पफ आणि आईला बोलावून घ्या. त्यानंतर वीस मिनिटांत उतरलं नाही, किंवा कधीही वाढलं, तर लाल. चार तासांच्या आत पुन्हा त्रास झाला तर आजच डॉक्टरांकडे.’ मुलीला एकटीला ऑफिसात किंवा स्वच्छतागृहाकडे पाठवू नये, ही ओळही इथं हवीच. झटका जिन्यात वाढला तर पाहायला कुणी नसतं.

हिरव्यात शाळेनं करायचं थोडंच, पण तेही लिहिलेलं बरं. खोकला नाही, रात्री शांत झोप, खेळताना दम नाही. ईरा सगळं करते, पीटीसुद्धा. तिला खडूचा फळा पुसायला देऊ नये. वर्गात उदबत्ती लावायची असेल तर तिची जागा खिडकीपाशी. वर्ग रंगवायचे तर सुट्टीत. आणि सर्दी झालेल्या आठवड्यात तिच्याकडे जरा जास्त लक्ष, कारण मुलांचा दमा बहुतेक वेळा सर्दीच्या मागून येतो. जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग शिंकत असतो तेव्हा दप्तरातला पंप पाहून ठेवावा.

पाहून ठेवणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. पंपात ठरावीक पफ असतात, पुष्कळदा 200. ते संपल्यावरही वायू शिल्लक असल्यानं पंप फुस्स आवाज करतो, हलवला तर आत काही हलल्यासारखं वाटतं. पाण्यात टाकून तरंगतो का पाहण्याची जुनी युक्ती विश्वासाची नाही. मोजणीचा आकडा नसलेल्या पंपाच्या डब्यात एक कागद ठेवून वापरलेले पफ लिहिणं हाच खात्रीचा उपाय. एक्स्पायरीची तारीख आराखड्यावरच उतरवावी. बरेच दिवस पडून असलेला पंप, पत्रकात दिल्याप्रमाणे, आधी हवेत उडवून घ्यावा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून न पुसता वाळवावा. फडक्यानं घासला तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटतं.

कागद पूर्ण झाला की एकदा चालवून पाहायचा. जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात. पीटीच्या सरांना सांगायचं, ईरा मैदानाच्या टोकाला बसली आहे, घड्याळ सुरू. पंप हातात यायला किती वेळ लागला? मावशींनी कागद मोठ्यानं वाचला तेव्हा कुठं अडखळल्या? ज्या शब्दावर त्या अडखळल्या तो शब्द बदलायचा. 108 ला सांगायचा पत्ता एखाद्याला पाठ नसेल, तर तो कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत घालायचा.

आराखड्याच्या मागच्या बाजूला नोंदीचा तक्ता असावा: तारीख, वेळ, काय दिसलं, किती पफ, वीस मिनिटांनी काय. गाडी बोलवावी लागली तर हा कागद मुलीसोबत जातो. ‘11.20 चार पफ, 11.40 चार पफ, 11.55 वाक्य तुटतंय, 108, दहा पफ’ एवढं वाचून रुग्णालयातल्या डॉक्टरांना कळतं, की कोणतं औषध किती गेलंय आणि कधी.

या तक्त्याचा दुसरा उपयोग हळूहळू दिसतो. समजा, ऑगस्टअखेर ईराच्या तक्त्यात दोन आठवड्यांत पिवळ्याच्या सहा नोंदी झाल्या. प्रत्येक वेळी चार पफनी उतरलं, एकदाही लाल झालं नाही, म्हणून शाळेला आणि घरालाही वाटतं की सगळं आटोक्यात आहे. पण आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा अधिक वेळा लागत असेल, तर दमा नीट ताब्यात नाही असं डॉक्टर मानतात. आई तो कागद घेऊन फॉलोअपला जाते. डॉक्टर आधी ईराला समोर स्पेसरमधून श्वास घ्यायला लावतात, मग रोजचा पंप खरोखर रोज होतो का ते विचारतात. रविवारी आणि गणपतीत गावी गेल्यावर तो राहून गेलेला असतो. रोजच्या पंपाची मात्रा आहे तीच राहते. आराखड्यात फक्त बेस्टचा नवा आकडा घरच्या प्रतीवर पडतो आणि खाली नवी तारीख येते. आई ऑफिसात जाऊन फडताळातल्या लाल डब्यातली जुनी प्रत काढते, वर्गाच्या भिंतीवरची काढते, सरांच्या फाइलमधली काढते, आणि तिन्ही जागी नवी लावते.